गरम करून खा

पोरगं दहावीत गेलं की त्याला जगातलं बहुतेक सगळं यायला लागतं. आमच्या चिरंजीवांना सातबारा मोबाइलवर काढता येतो, ई-पीक पाहणी भरता येते, विहिरीवरची मोटार अंथरुणात लोळत लोळत फोनवरून चालू करता येते. पप्पांना आलेला मेसेज बँकेचा की भामट्याचा, हे तो जांभई देता देता सांगतो. फक्त फ्रीजमधला रस्सा गरम करायचा म्हटलं की हा हुशार मुलगा एकदम अडाणी होतो. थंडगार रस्सा तसाच भाकरीवर ओततो, नाहीतर फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन बसतो.

आई-बाप घरी असले की हा प्रश्न येत नाही. पण आमच्या पिंपरी पेंढारला हिवाळ्यात कांदा उभा असतो आणि शेतीची थ्री-फेज लाईट आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळी आली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. मोटार फोनवर सुरू होते हे खरं, पण एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात फोनवर वळत नाही. त्याला अजून फावडंच लागतं.

पूर्वी हे एकटेच जायचे. आता आमच्या भागात रात्री शेतात कोणी एकटं जात नाही. उसात बिबट्यांनी घर केलंय आणि शिवारात माणसं गेली आहेत, त्यामुळे त्यात चेष्टा नाही. वनखातं सांगतं की दोघं-तिघं मिळून जा, बॅटरी-काठी जवळ ठेवा, मोबाइलवर गाणी लावा आणि मोठ्याने बोलत राहा. मोठ्याने बोलण्याच्या कामासाठी यांनी एकमताने माझी निवड केली. म्हणजे बिबट्यामुळे मी शेतात, मी शेतात म्हणून पोरगं घरात एकटं, सासूबाई नेमक्या नणंदेकडे गेलेल्या, आणि म्हणून ही चिठ्ठी.

खरं तर चिठ्ठी यांनीच लिहिली होती. 'सोन्या, जेवण फ्रीजमध्ये आहे. गरम करून खा. दार लाव. पप्पा.' झालं. पुरुषांच्या मते स्वयंपाकघराचं सगळं शास्त्र 'गरम करून खा' एवढ्यात मावतं. कशात गरम करून, कशावर, किती, आणि झाकण कधी काढून, यातलं काही त्यांना पडलेलं नसतं, कारण आजवर ते गरम होऊनच ताटात आलेलं असतं. मी तो कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहायला बसले. हे बाहेरून 'लाईट आली, चल' म्हणून ओरडत होते, पण मोठ्याने बोलायची प्रॅक्टिस त्यांनीही करायला हरकत नव्हती.

"सोन्या, आज मासवडी आहे. रस्सा स्टीलच्या पातेल्यात, वड्या काचेच्या वाडग्यात, भात काचेच्या डब्यात, भाकरी दुरडीत. आता पुढचं नीट वाच. फोन बाजूला ठेवून वाच. रस्सा गॅसवर, भात आणि वड्या मायक्रोवेव्हमध्ये, भाकरी तव्यावर. यात अदलाबदल करायची नाही."

मासवडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिच्यात मासा नसतो. घेरलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण यांचं सारण भरून तिची लांबट वळकटी करतात आणि वड्या पाडतात. सोबत झणझणीत रस्सा. जुन्नर-ओतूरकडची ही शान आहे, पण ती नाजूक असते. वड्या रस्स्यात टाकून उकळल्या तर सुटतात, सारण बाहेर येतं आणि पातेल्यात पिठलं तयार होतं. म्हणून दोन्ही वेगळं गरम करायचं आणि ताटात एकत्र आणायचं. हे चिठ्ठीत लिहिलं नसतं तर चिरंजीवांनी 'एकदाच काय ते' म्हणून सगळं एका पातेल्यात ओतलं असतं, हे मी बाँडपेपरवर लिहून देते.

"आधी रस्सा. फ्रीजमधून काढल्यावर वर तेलाचा थर आणि खाली खोबऱ्या-तिळाचं वाटण बसलेलं असेल. गॅस लावायच्या आधीच पळी तळापर्यंत घालून ढवळ आणि अर्धी वाटी पाणी घाल. न ढवळता ठेवलास तर खालचं वाटण करपतं, वर तेलाचं झाकण तसंच राहतं, खाली वाफ कोंडते आणि मग रस्सा एकदम फटकन उडतो. तो उडतो तो तुझ्या टी-शर्टवर, आणि टी-शर्ट मी धुते.

"गॅस लावताना आधी वास घे. वास नसेल तर लायटर बर्नरजवळ धर, बटण आत दाबून डावीकडे फिरव आणि लगेच ठिणगी पाड. दोन-तीनदा खट खट करूनही पेटला नाही तर बटण बंद कर, मिनिटभर थांब, साठलेला गॅस जाऊ दे, मग पुन्हा लाव. बटण तसंच उघडं ठेवून लायटर शोधत घरभर हिंडायचं नाही. लायटर खिडकीत आहे. तो नेहमी खिडकीतच असतो."

त्यापुढे मी बटणाचं एक रहस्य लिहिलंय, जे कोणी कधी कोणाला सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांचं बटण बंदपासून फिरवायला लागलं की आधी मोठा जाळ येतो आणि पार शेवटाला नेलं की बारीक. नवशिक्याला वाटतं, बारीक म्हणजे बंदच्या जवळ असणार. म्हणून तो बारीक करायला बटण उलटं, बंदच्या दिशेने आणतो. तिथे मधल्या जागी जाळ थरथरतो आणि कधीतरी गपकन विझतो, बटण मात्र अर्धवट उघडंच असतं.

आणि हीच खरी भीतीची जागा आहे. पेटलेल्या जाळाला माणूस भितो, जपतो, लांब उभा राहतो. विझलेल्या जाळाकडे कोणी बघत नाही. रस्सा उतू गेला, बर्नरवर सांडला, जाळ विझला, की पोराला वाटतं, बरं झालं, गॅस आपोआप बंद झाला. बंद जाळ झालेला असतो, गॅस येतच असतो. ज्योत गेली की गॅस तोडणारी शेगडी असते म्हणे, पण आमची तशी नाही, आणि तुमचीही बहुधा नसेल. चुलीचं बरं होतं. ती विझली की धूर करून अख्ख्या आळीला सांगायची.

"म्हणून रस्सा गॅसवर असेपर्यंत स्वयंपाकघरातून हलायचं नाही. पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, झाकण पूर्ण लावायचं नाही, तिरकं ठेवायचं. जाळ मध्यम. कडेला बुडबुडे आले म्हणजे गरम झालं असं नाही. मधोमध खळखळून उकळी आली पाहिजे, आणि ती आल्यावर बारीक करून ढवळत आणखी दोन मिनिटं. जाळ निळा असला पाहिजे. पिवळा झाला आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरली तर बर्नरची भोकं बुजलीत असं समज आणि दुसऱ्या बर्नरवर ठेव. साफसफाई उद्या मी करीन, तू पिन घेऊन बसू नकोस. पातेलं सांडशीनेच उतरव. तुझ्या त्या लोंबत्या बाहीच्या जर्किनने उतरवायचं नाही. जर्किन आधी काढ. थंडी वाजते हे मला माहीत आहे, गॅसजवळ वाजणार नाही."

एवढं लिहून झाल्यावर गॅसच्या वासाचा परिच्छेद आला, आणि तिथे माझी लेखणी अडली. कारण नियम सांगतो, वास आला की दारं-खिडक्या उघडा. आणि आमच्या गावचा नियम सांगतो, दिवेलागणीनंतर दार लावा. एकाच कागदावर पुढे पप्पांचं 'दार लाव' आणि मागे माझं 'दार उघड'! पोरगं आधीच आमच्यातल्या मतभेदांचा फायदा घेण्यात पटाईत आहे.

मग मी ओट्यावर टेकून शांतपणे विचार केला. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर छताला जाऊन निघून जात नाही, खाली फरशीवर पसरतो आणि कोपऱ्यात साठतो. त्याला स्वतःचा वासही नसतो. आपल्याला कळावं म्हणून सडक्या वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम त्यात घालतात. म्हणजे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, खाली उंबऱ्याकडून वाट द्यावीच लागते. दार उघडायला हवंच. मग उरला बिबट्या. तर बिबट्यासाठी वनखातं काय सांगतं? आवाज करा. आणि गॅस गळाला तर पोराने काय करायला हवं? शेजाऱ्यांना हाक मारायला हवी. दोन्हीकडचं उत्तर एकच निघालं, बोंब मारणे. सरकारची दोन खाती इतकी एकमताने बोललेली मी पहिल्यांदा पाहिली.

"तर वास आला की आधी बर्नरची बटणं बंद, मग सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद. पुढचं वाक्य दोनदा वाच. दिव्याचं, पंख्याचं, कशाचंही बटण दाबायचं नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. बटणाच्या आत बारीक ठिणगी पडते, तेवढी पुरते. लायटर, काडेपेटी, देवघरातली निरांजनं, काही पेटवायचं नाही. जाळी लावलेल्या खिडक्या सताड उघड, मागचं-पुढचं दार उघड आणि मोठ्याने शेजारच्या आबांना हाका मारत बाहेरच्या ओट्यावर ये. बॅटरी दाराबाहेरच्या खुंटीला मुद्दाम लावून ठेवली आहे, ती बाहेर आल्यावरच लाव. अंधारात अंगणात भटकायचं नाही, भिंतीला लागून आबांच्या ओट्यावर जा. तिथून 1906 ला फोन कर, हा गॅसगळतीचा नंबर आहे, रात्रीही लागतो. मग मला फोन कर. हा क्रम बदलायचा नाही. मला आधी फोन केलास तर मी फक्त घाबरेन, आणि शेतातून घाबरून काही उपयोग नाही."

आता मायक्रोवेव्ह. आमच्याकडे तो 2023 च्या जुलैत आला. त्या वर्षी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं आणि तालुक्यात ज्याच्या त्याच्या दारात काही ना काही नवीन येत होतं. कोणाकडे ट्रॅक्टर आला, आमच्याकडे मायक्रोवेव्ह, कारण आमचं टोमॅटो अर्ध्या एकरातच होतं. पुढच्या वर्षी भाव पडला, पण यंत्र परत घेत नाहीत.

या यंत्राची आणि मराठी घराची पत्रिका जुळत नाही. आपलं सगळं घर स्टीलचं. लग्नातल्या आहेराची, वास्तुशांतीची, कोणाच्या तरी स्मरणार्थ आलेली, बुडावर नावं कोरलेली भांडी. त्यातलं एकही आत चालत नाही. लहरी धातूवर आपटून परत फिरतात, आतलं अन्न गार ते गारच, आणि काटा-चमचा, भांड्याची पातळ कड किंवा चकचकीत कागदाची घडी असेल तर ठिणग्या उडतात. सोनेरी काठाचे कपही तसेच. तो काठ धातूचाच असतो. सासूबाईंनी म्हणूनच या यंत्राला पहिल्या दिवशी 'भिकारडी पेटी' म्हटलं होतं. घरात एवढी भांडी असून त्याला एकही चालत नाही!

"सोन्या, तुला फिजिक्स आवडतं म्हणून सांगते. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस रडारच्या यंत्रावर काम करत होता, तेव्हा त्याच्या खिशातली गोड वडी वितळली आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. 1945 च्या सुमाराची. त्या खिशाचं पुढे काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, धुणाऱ्या बाईला विचारायला हवं होतं. तर या लहरी अन्नातल्या पाण्याला हलवून गरम करतात, पण दोन-अडीच सेंटिमीटर आतपर्यंतच. त्यापुढची ऊब हळूहळू आत सरकत जाते. शिवाय पेटीत काही जागी लहरींचा जोर जास्त, काही जागी कमी. म्हणून भाताचा एक घास चटका देतो आणि शेजारचा घास फ्रीजमधला लागतो.

"म्हणून भात डब्यात ढीग करून ठेवायचा नाही. मोकळा कर, मधे खळगा करून कडेने पसर, दोन चमचे पाणी शिंपड. डब्याचं घट्ट झाकण काढून टाक, वर काचेची बशी तिरकी ठेव म्हणजे वाफेला वाट राहील. दीड मिनिट लाव, काढ, ढवळ, पुन्हा मिनिटभर. मग दोन मिनिटं तसाच राहू दे. बशी उचलताना तोंडाकडची बाजू उचलायची नाही, पलीकडची आधी उचल, म्हणजे वाफ तुझ्या चष्म्यावर न येता भिंतीवर जाईल. वड्यांना मिनिटभर पुरे, मधली जागा रिकामी ठेवून कडेने गोल मांड. वडी बाहेरून कोमट लागली म्हणून अख्खी तोंडात टाकू नकोस. आतल्या तेलकट सारणाला चटकन कढ येतो. मोडून बघ."

इथे एक गोष्ट शहरातल्या पुस्तकात सापडत नाही, ती लिहावी लागली. रात्री गावातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज ढेपाळतं. दिवे मिणमिणतात, मायक्रोवेव्ह घुंई घुंई आवाज काढतो, ताटली फिरते, आकडे उलटे मोजले जातात, आणि शेवटी टिंग वाजून बाहेर येतो तो कोमट भात. त्यामुळे आमच्याकडे दीड मिनिट म्हणजे दीड मिनिटच असं धरून चालत नाही. भाताच्या मधोमध चमचा घालून बघायचं. तिथून वाफ निघाली तर झाला. आणि लाईट गेली तर इन्व्हर्टरवर ही पेटी चालवायची नाही. अन्नाला आठशे वॅट द्यायला ती स्वतः बाराशेच्या आसपास ओढते, आणि आमचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे यांनाच दमतो. त्याच कारणाने तिची मोठी पिन भिंतीतल्या मोठ्या सॉकेटलाच लावायची, मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शनला नाही.

"अंडं मायक्रोवेव्हमध्ये उकडायचं नाही. उकडलेलं अंडं गरमही करायचं नाही. कवच काढलेलं असलं तरी आतल्या वाफेने ते फुटतं, कधी पेटीत, कधी बाहेर काढल्यावर चावताना. तुझ्या मित्राने व्हिडिओ पाठवला असेल तर मित्राच्या घरी जाऊन कर.

"ओट्यावर पातेलीत दुपारचा भात झाकलेला आहे, तो खायचा नाही, तो मी सकाळी गोठ्यात देणार आहे. गरम केला की चालतो असं तुझे पप्पा म्हणतील. नाही चालत. भात शिजवल्यावरही काही जंतूंचे बीजाणू त्यात जिवंत राहतात, भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष करतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. फ्रीजमधला भात मी निवल्यावर लगेच आत ठेवलेला आहे, तो खा. घेशील तेवढाच गरम कर, उरलेला पुन्हा पुन्हा नाही.

"भाकरी शेवटी. पाण्याचा हबका मारून मध्यम जाळावर तव्यावर ठेव, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये बाजरीची भाकरी ठेवलीस तर बाहेर काढताना मऊ असते आणि ताटापर्यंत जाईस्तोवर तिची चप्पल होते.

"चटका बसला तर नळाखाली धर, वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचं नाही. वीस मिनिटं म्हणजे वीस, एक रील नाही. आणि तेल तापवून फोडणी वगैरे करायची हौस आली तर ती दाबून टाक. आज फक्त गरम करायचं आहे.

"जेवण झालं की बटणं बंद आहेत का बघ, रेग्युलेटर बंद कर, ताट घास. फरसाणाच्या डब्यावर मी पेनाने खूण करून ठेवलेली आहे. तुझी आई."

यांनी बॅटरीच्या उजेडात चिठ्ठी वाचली. म्हणाले, "अगं, एवढ्यात तर कांद्याचं पाणी भरून झालं असतं." मग जरा थांबून, हळूच, "ते बटणाचं खरं आहे का गं? शेवटाला बारीक?" लग्नाला अठरा वर्षं झालीत. मी काही बोलले नाही, चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली लावली आणि दुसरी प्रत काढायचं ठरवलं.

कोणाला ही चिठ्ठी आपल्या घरी लावायची असेल तर खुशाल उतरवून घ्या. मासवडीच्या जागी तुमच्या घरची भाजी लिहा, आबांच्या जागी तुमचे शेजारी लिहा, बिबट्या नसेल तर तो गाळा. 1906 मात्र आहे तसाच ठेवा, आणि लायटरची जागा एकदा स्वतः जाऊन बघून या.